हाताची बाजू, नळीची बाजू

कॉम्प्युटरवर 40 मिलिमीटर बाजूचा एक चौकोनी ठोकळा काढा आणि त्याला सबडिव्हिजन लावा. ठोकळ्याला 6 चौकोन असतात. पहिल्या फेरीत प्रत्येक चौकोनाचे चार होतात, म्हणजे 24. दुसऱ्या फेरीत 96, तिसऱ्या फेरीत 384. प्रत्येक फेरीत नवे आणि जुने सगळे बिंदू आजूबाजूच्या बिंदूंच्या सरासरीकडे थोडे थोडे सरकतात, आणि तीन-चार फेऱ्यांत तो टोकदार ठोकळा गुळगुळीत चेंडू झालेला दिसतो. आता तो मोजा. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर 40 राहिलेलं नाही, ते साधारण 33.6 मिलिमीटर झालं आहे. कर्णावर, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, तर 34.6 भरतात. म्हणजे आपण दिलेलं माप टिकलं नाही आणि समोर जे दिसतंय तो खरा गोलही नाही. डोळ्याला हा एक मिलिमीटर कळत नाही. पण तो चेंडू एखाद्या वाटीत फिरवायचा असेल, तर तिथे तो अडकणार.

वस्तूचा आकार कॉम्प्युटरवर कोणत्या पद्धतीने घडवायचा, हा प्रश्न या मिलिमीटरभर फरकापाशी येऊन थांबतो.

इंजिनिअर वापरतात ते सॉलिड मॉडेलिंग माप आधी धरतं. तिथे भोक म्हणजे ‘या अक्षावरचा, 19.3 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर’ अशी नोंद असते. सपाट बाजू गणिताच्या अर्थानेच सपाट असते आणि दोन पृष्ठभाग मिळतात तिथे नेमकी कड तयार होते. उद्या भोक 22 मिलिमीटरचं हवं झालं, तर एक आकडा बदलायचा. त्यावर अवलंबून असलेलं बाकीचं सगळं मागोमाग बदलतं. सबडिव्हिजनमध्ये आपण एक ढोबळ जाळी, म्हणजे पिंजरा, हलवत असतो. खरा पृष्ठभाग त्या पिंजऱ्याच्या आत, त्याच्याकडे ओढलेला पण सहसा त्याला न टेकणारा असा असतो. बिंदू ओढला की त्याच्या भोवतालचा सगळा उतार सलग बदलतो. हात फिरवावा तसा आकार मिळतो, पण ‘इथे बरोबर 19.3’ असं त्याला सांगता येत नाही. स्कल्प्टिंग याच्याही पुढे जातं. तिथे पिंजराही नसतो. लाखो बारीक त्रिकोणांच्या पृष्ठभागावर ब्रशने भर घालायची, खरवडायचं, दाबायचं, गुळगुळीत करायचं. शाडूच्या गोळ्यावर काम करणाऱ्याला ते लगेच कळेल.

सबडिव्हिजनची ही रीत एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी 1978मध्ये मांडली, आणि त्यांचा शोधनिबंध आला तो ‘कॉम्प्युटर-एडेड डिझाइन’ नावाच्या नियतकालिकात. तरी ती आधी फळाला आली ती सिनेमात. 1995च्या ‘टॉय स्टोरी’च्या वेळी पात्रांचे चेहरे वक्र ठिगळं एकमेकांना जोडून केले जात. चेहरा हलला की ठिगळांच्या शिवणी दिसू नयेत म्हणून वुडीच्या चेहऱ्यावर फार मेहनत घ्यावी लागली होती. 1997च्या ‘गेरीज गेम’ या लघुपटात बागेत एकटाच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा आहे. त्याचं डोकं आणि हात पिक्सारने सबडिव्हिजनने केले. शिवणींचा प्रश्नच उरला नाही. त्याच कामात त्यांनी एक मोलाची भर घातली. एखाद्या कडेला ‘पहिल्या काही फेऱ्या तू धारदार राहा, मग मऊ हो’ असं सांगण्याची सोय केली. नखाची कड किंवा कपड्याची घडी पूर्ण धारदार नसते आणि पूर्ण गोलही नसते. ती त्यामुळे साधता आली.

आता एक वस्तू घेऊ. हातात धरायच्या काठीची मूठ. खाली अॅल्युमिनियमची नळी, बाहेरचा व्यास 19 मिलिमीटर. वर सुमारे 120 मिलिमीटर लांबीची मूठ, जिच्यावर माणूस तळव्याने भार टाकतो.

नवशिका डिझायनर ही मूठ बहुधा सॉलिडमध्येच काढतो. आडवा सिलिंडर, त्याला खाली उभा सिलिंडर, आणि सगळ्या कडांना फिलेट, म्हणजे गोलाई. चित्रात ती ठीक दिसते. पण सरळ पृष्ठभाग संपून फिलेट सुरू होते तिथे वक्रता एकदम उडी मारते. आधी शून्य आणि पुढच्याच क्षणी 5 मिलिमीटर त्रिज्येइतकी. कोपरा मोडलेला असतो, पण वक्रतेतली पायरी तिथेच असते. चकचकीत पृष्ठभागावर खिडकीचं प्रतिबिंब त्या रेषेवर मोडून पडतं. तळव्याखाली भार सलग न पसरता त्या गोलाईच्या पट्टीवर गोळा होतो. काठी घेऊन अर्धा तास चालणाऱ्याच्या तळव्यावर तिथे लाल रेघ दिसते. फिलेटची त्रिज्या वाढवली की रेघ सरकते, जात नाही. कारण तळव्यात एकच वक्रता कुठेही नाही. अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा, मध्ये खळगा, करंगळीकडे पुन्हा उतार, असं सगळं हळूहळू बदलत जातं. मुठीचा वरचा भाग सबडिव्हिजनने करायचा तो यासाठी.

फ्यूजनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळा कप्पा असतो. Create Form म्हटलं की पिंजरा हलवण्याची साधनं समोर येतात. मी लांबीत सहा-सात आणि घेरात आठ चौकोन एवढ्या मोजक्या जाळीपासून सुरुवात करते. जाळी जितकी विरळ, तितका पृष्ठभाग शांत. घाईत जास्त चौकोन घेतले, की प्रत्येक बिंदू किंचित वेगळा ओढला जातो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. त्या साध्या चित्रात दिसत नाहीत, पण झेब्रासारखे काळे-पांढरे पट्टे पृष्ठभागावर पाडून पाहण्याची सोय असते, तिथे लगेच उघड्या पडतात. पट्टे संथ वाहत असतील तर आकार नीट आहे. ते थरथरले तर बिंदू कमी करायचे.

झेब्रा पट्ट्यांत आणखी एक गोष्ट दिसते. चौकोनांच्या जाळीत सहसा एका बिंदूत चार कडा मिळतात. मूठ आणि तिची मान जिथे जुळतात तिथे कुठेतरी तीन किंवा पाच कडा मिळणारे बिंदू घ्यावेच लागतात. कॅटमल-क्लार्कच्या पृष्ठभागाची वक्रता बाकी सगळीकडे सलग असते, पण या बिंदूंपाशी ती हमी नसते. तिथे बारीक चिमटा काढल्यासारखी खूण उमटते. ते बिंदू टाळता येत नाहीत, त्यांची जागा मात्र आपल्या हातात असते. मुठीत ती जागा खालच्या अंगाला, मानेच्या दोन्ही बाजूंना. तळवा वरून टेकतो आणि नजरही वरूनच पडते.

मानेपाशी मात्र रीत बदलावी लागते. आत नळी बसणार आहे. भोक 19.3 मिलिमीटर, खोली 35, आणि भोवती निदान 4 मिलिमीटर जाडी हवी. म्हणजे मानेचा घेर 28 मिलिमीटर व्यासाच्या खाली कुठेही जाता कामा नये. इथे सुरुवातीच्या ठोकळ्याची गोष्ट आठवली पाहिजे. पिंजरा 28चा केला तर पृष्ठभाग त्याच्या आत बसतो आणि भिंत हवी त्याहून पातळ होते. म्हणून पिंजरा मोठा ठेवायचा, माप पृष्ठभागावर घ्यायचं, आणि भोक पिंजऱ्यात कधीच काढायचं नाही. आधी मऊ आकार पूर्ण करायचा, Finish Form म्हणून त्याचं सॉलिड करायचं, आणि मग त्या सॉलिडमधून खरा सिलिंडर कापायचा. मॉडेल मधोमध आडवं कापून पाहिलं की भिंत कुठे बारीक झाली ते दिसतं. क्रम उलटा केला, म्हणजे भोकासकट पिंजरा घेतला, की भोकाचं तोंड लंबवर्तुळासारखं होतं आणि नळी एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने डुगडुगती बसते.

याच मुठीसाठी स्कल्प्टिंग मी वापरणार नाही. ब्रशने घडवलेल्या लाखो त्रिकोणांचं सॉलिड करायला गेलं, तर प्रत्येक त्रिकोणाची एक स्वतंत्र सपाट बाजू होते. सॉफ्टवेअर मंदावतं आणि नंतर ‘मूठ 5 मिलिमीटर लांब कर’ एवढंही सरळ करता येत नाही. पण आकार आधीच एखाद्या शरीराने ठरवलेला असेल, तर स्कल्प्टिंगशिवाय पर्याय नाही. गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसासाठी कृत्रिम पायाचा सॉकेट बनवताना उरलेल्या पायाचं स्कॅन घेतात. मग गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर, जो भार सोसू शकतो, तिथे पृष्ठभाग थोडा आत दाबतात. बाहेरच्या बाजूला बारीक हाडाचं टोक त्वचेच्या लगेच खाली येतं, तिथे जागा सोडतात. हा निर्णय प्रत्येक माणसागणिक वेगळा, काही मिलिमीटरचा, आणि तो आकड्यांत आधी लिहून ठेवता येत नाही. मात्र त्याच सॉकेटच्या तळाशी धातूचा जोड बसतो, त्याची भोकं आणि सपाट बैठक पुन्हा सॉलिडमध्येच.

मऊ आकाराचा मोह आवरावा लागतो तो आणखी एका ठिकाणी. मुठीवर बोटांसाठी चार खळगे काढले की चित्र फार छान दिसतं. पण ते खळगे एकाच हाताच्या मापाचे असतात. मोठ्या हाताच्या माणसाचं बोट बरोबर दोन खळग्यांमधल्या उंचवट्यावर येतं, आणि त्याला साध्या गोल मुठीपेक्षाही जास्त त्रास होतो. तळव्याच्या आकाराच्या काठ्यांच्या मुठी बाजारात मिळतात, त्या डाव्या-उजव्या वेगवेगळ्या असतात, ते यामुळेच. एकाच माणसासाठी करत असू तर तळव्याचा खळगा जरूर खोल करावा. दहा जणांसाठी करत असू तर वरचा उतार तेवढा सलग ठेवावा आणि बोटांना कुठेही बसायची मोकळीक द्यावी.

आणि काही वस्तूंना मऊ आकाराची गरजच नसते. भिंतीला स्क्रूने बसणारा ब्रॅकेट, सर्किट बोर्डाची डबी, पत्रा वाकवून केलेला भाग. यांच्या प्रत्येक बाजूला दुसरं काहीतरी टेकणार असतं. शिवाय बनवण्याचा खर्च आहे. सपाट बाजू मिलिंग मशिनवर सपाट कटरच्या मोजक्या फेऱ्यांत निघते. दोन्ही दिशांना वळलेल्या पृष्ठभागासाठी गोल टोकाचा कटर अगदी जवळ जवळ फिरवत न्यावा लागतो, आणि तरीही मध्ये राहणाऱ्या बारीक शिरा घासून काढाव्या लागतात. साच्यातून काढायची वस्तू असेल तर तिच्या बाजू साचा उघडण्याच्या दिशेने एक-दोन अंश उतरत्या हव्यात. पिंजरा मनासारखा ओढताना एखादा फुगवटा नकळत साच्याच्या विभाजन रेषेपलीकडे आत वळतो, आणि वस्तू साच्यात अडकते. सॉलिडमध्ये हा उतार एक आकडा असतो. मऊ पृष्ठभागावर तो कोन दाखवणारा रंगीत नकाशा लावून, लाल डाग शोधून, एकेक बिंदू ओढून दुरुस्त करावा लागतो.

म्हणून नवीन काम हातात आलं की मी आधी कागदावर वस्तूचं ढोबळ चित्र काढते आणि तिच्या प्रत्येक बाजूला कोण टेकणार ते लिहिते. नळी, स्क्रू, बेअरिंग, टेबल असं लिहिलं गेलं तर ती बाजू सॉलिड. तळवा, गाल, कानाची पाळी, किंवा नुसता उजेड असं लिहिलं गेलं तर सबडिव्हिजन. आणि एकाच ठरावीक माणसाचं अंग असेल तर स्कॅन आणि ब्रश. काठीच्या मुठीत अशी रेषा मानेच्या टोकापासून साधारण 40 मिलिमीटर वर पडली. पुढे नळी 22 मिलिमीटरची घ्यायचं ठरलं तर भोकाचं स्केच उघडून व्यास 22.3 करायचा आणि मान कापून पुन्हा पाहायची. भिंत आता जेमतेम 2.85 मिलिमीटर उरलेली दिसेल, म्हणजे मानेच्या खालच्या दोन ओळींचे बिंदू बाहेर ओढायला पिंजऱ्यात परत जावं लागेल. वरच्या, तळव्याखालच्या भागाला तेव्हाही हात लावावा लागणार नाही.