थर्मलमधला बाण कोणत्या हाताचा?

परळी वैजनाथच्या थर्मलमध्ये २५० मेगावॉटचा एक संच चालू असतो, तेव्हा त्याचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. दहावीच्या पुस्तकात फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम शिकवला जातो, तो जनित्राशी जोडूनच. पण पुस्तकातली आकृती आणि थर्मलमधलं यंत्र यांत एक मोठा फरक आहे आणि बाणांच्या प्रश्नात मुलं नेमकी तिथेच चुकतात. पुस्तकात चुंबक स्थिर असतो आणि तारेचं वेटोळं फिरतं. थर्मलमध्ये तार जागची हलत नाही, फिरतो तो चुंबक. रोटर म्हणजे एक प्रचंड विद्युतचुंबक आणि ज्या तांब्याच्या पट्ट्यांत वीज निर्माण होते त्या भोवतालच्या स्टेटरच्या खाचांत घट्ट बसवलेल्या असतात.

आता प्रश्न मांडू. यंत्राच्या एका टोकाशी उभं राहून आपण रोटरकडे पाहतो आहोत. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतोय आणि त्याचा उत्तर ध्रुव या क्षणी अगदी वर आहे. त्याच्या डोक्यावरच्या स्टेटरमधल्या पट्टीत विद्युतधारा आपल्याकडे येईल की आपल्यापासून दूर जाईल?

गतीमुळे धारा निर्माण होते आहे, म्हणून उजवा हात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांशी काटकोनात धरा. उत्तर ध्रुवातून चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं, म्हणजे इथे वर जातं, तर्जनी वर. अंगठा कुठे? वरचा ध्रुव उजवीकडे चाललाय, म्हणून बहुतेक मुलं अंगठाही उजवीकडे धरतात आणि उत्तर उलटं येतं. नियमातला अंगठा चुंबकाची गती दाखवत नाही, तारेची दाखवतो. ध्रुव उजवीकडे सरकत असेल, तर त्याच्या दृष्टीने पट्टी डावीकडे जाते. अंगठा डावीकडे धरला की मधलं बोट आपल्यापासून दूर रोखलं जातं. आकृतीत तिथे फुली काढायची: बाण पाठमोरा गेला की त्याची पिसंच दिसतात. बाण समोरून आला असता तर टोक दिसलं असतं, म्हणजे ठिपका.

अर्धा फेरा झाला की वर दक्षिण ध्रुव येतो. क्षेत्र खाली वळतं आणि फुलीचा ठिपका होतो. सेकंदाला ५० फेरे, म्हणजे दर शतांश सेकंदाला बाण उलटतो. घरच्या विजेचे ५० हर्ट्झ ते हेच.

उत्तर बरोबर आहे का, हे डावा हात सांगतो. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, आणि शिकवताना तो बहुधा सुटतो. धारा आणि क्षेत्र ठाऊक असून बल काढायचं असेल तर डावा हात वापरतात. तर्जनी वर, मधलं बोट आपल्यापासून दूर. अंगठा उजवीकडे येतो. म्हणजे स्टेटरवर उजवीकडे बल लागतं आणि तितकंच बल उलट, डावीकडे, रोटरवर लागतं. रोटरला ते मागे खेचतं. लेन्झचा १८३४चा नियम हेच सांगतो: निर्माण झालेली धारा आपल्या कारणाला विरोध करते. समजा, आपण चुकून ठिपका काढला असता, तर हेच बल रोटरला पुढे ढकलताना दिसलं असतं. मग एकदा फिरवलेलं यंत्र वाफेशिवाय आपोआप वेग घेत गेलं असतं. असं उत्तर आलं की पहिला बाण चुकला हे नक्की.

हा विरोध किरकोळ नसतो. २५० मेगावॉट आणि सेकंदाला ५० फेरे यांवरून हिशेब केला, तर रोटरवरचं आघूर्ण सुमारे आठ लाख न्यूटन-मीटर येतं, जणू अक्षापासून एक मीटरवर ८० टन वजन टांगलंय. परिसरातल्या मोटारी सुरू होऊन धारा वाढली की हे मागचं ओढणंही वाढतं, म्हणून टर्बाइनला जास्त वाफ आणि बॉयलरला जास्त कोळसा द्यावा लागतो.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. उजवा हात फक्त धारेला ढकलणाऱ्या दाबाची दिशा देतो. मार्ग बंद नसेल तर धारा वाहत नाही. एकसमान क्षेत्रात अख्खं वेटोळं सरळ सरकवलं, तर समोरासमोरच्या दोन्ही बाजूंत बाण एकाच दिशेने निघतात, वेटोळ्यात ते एकमेकांना खोडतात आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंचे बाण काढूनच उत्तर द्यावं.

परीक्षेत आणखी एक साधी चूक होते. उजव्या हातात पेन असतं, म्हणून मोकळा डावा हातच पुढे येतो. पेन बाकावर ठेवा, मगच बोटं उघडा. मग वरच्याच प्रश्नात रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून पाहा: उत्तर ध्रुव वर असताना बाण तुमच्याकडे यायला हवा, म्हणजे ठिपका.