आधी आणि नंतर: माणसं किती घ्यायची?

जेवणातलं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ सहा आठवडे बंद केलं तर वरचा रक्तदाब खरोखर उतरतो का? समजा, एम.डी.च्या प्रबंधासाठी एका विद्यार्थिनीने हा प्रश्न घेतला आहे. प्रत्येकाचा रक्तदाब आधी मोजायचा, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचा आणि दोन्हींतला फरक बघायचा. यासाठी माणसं किती लागतील, हे विचारायला ती संख्याशास्त्राच्या सरांकडे जाते. सर उलट तिलाच विचारतात: निदान किती उतार सापडायला हवा? रक्तदाब माणसागणिक किती बदलतो? आणि एकाच माणसाच्या दोन मापांचा एकमेकांशी संबंध किती घट्ट आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ती देते, तिसऱ्यापाशी अडते. सगळं गणित मात्र त्या तिसऱ्यावरच फिरतं.

कुणाचा रक्तदाब मुळात ११५, कुणाचा १४५. माणसामाणसांतलं हे अंतर मिठाच्या परिणामाहून कितीतरी मोठं असतं. पण ज्याचं आधीचं माप १४५ होतं त्याचं नंतरचंही बहुधा वरच राहतं. त्यामुळे प्रत्येकाच्या नंतरच्या आकड्यातून त्याचाच आधीचा आकडा वजा केला, की हे जन्मजात, वयाचं, वजनाचं अंतर बरंचसं गळून पडतं. दोन मापं जितकी एकमेकांच्या मागे चालतात, तितकं ते जास्त गळतं. हे मागे चालणं म्हणजेच सहसंबंध. तो शून्य असला तर जोडी लावून काहीच हाती लागत नाही, आणि एकाच्या जवळ असला तर थोडक्या माणसांत काम होतं.

आता आकडे घेऊ. रक्तदाबाचं प्रमाण विचलन १५ धरू आणि ५ चा उतार सापडायला हवा असं ठरवू. विचलनाचा वर्ग २२५. फरकांचा वर्ग-विचलनांक काढायला त्याची दुप्पट करायची आणि एकातून सहसंबंध वजा करून जे उरेल त्याने गुणायचं. सहसंबंध ०.७ असेल तर ४५० गुणिले ०.३, म्हणजे १३५. याला ७.८५ ने गुणायचं. पाच टक्के चुकीची मुभा आणि खरा उतार सापडण्याची ८० टक्के शक्यता या नेहमीच्या अटींतून हा आकडा येतो. मग उताराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने, भागायचं. उत्तर येतं ४३. नमुना लहान असल्याने आणखी दोन धरतात, म्हणजे ४५ माणसं. सहसंबंध ०.५ निघाला तर हीच संख्या ७३ होते, आणि ०.२ निघाला तर ११६.

हा ०.७ आणायचा कुठून? छापील लेखांत आधीचं आणि नंतरचं विचलन देतात, पण फरकांचं विचलन बहुतेक वेळा गाळतात. मला ही फार मोठी उणीव वाटते, कारण ते एक दिलं असतं तर सहसंबंध उलट काढता आला असता. मग लोक बारा जणांवर छोटी चाचणी घेतात. तिच्यात ०.७ दिसला, तरी खरा सहसंबंध ०.२१ ते ०.९१ यांत कुठेही असू शकतो. म्हणून जरा कमीच, ०.५ धरावा आणि मधेच सोडून जाणाऱ्यांसाठी वर काही माणसं घ्यावीत; एक माप हुकलं की ती अख्खी जोडी बाद होते. सहसंबंध वाढवणं थोडंफार आपल्या हातातही असतं: तीच वेळ, तोच दंड, तेच यंत्र, पाच मिनिटं बसवून मग दोन-तीन मापांची सरासरी.

एक धोका मात्र नमुना कितीही वाढवला तरी टळत नाही. तपासणी शिबिरात ज्यांचा आकडा १६० आला त्यांनाच घेतलं आणि तोच आकडा ‘आधीचा’ म्हणून धरला, असं समजा. वस्तीची सरासरी १३० आणि सहसंबंध ०.७ असेल, तर मीठ तसंच चालू ठेवूनही त्यांचं पुढचं माप सरासरीने १५१ च्या आसपास येईल. त्या दिवशी योगायोगाने चढलेला भाग आपोआप उतरतो आणि नऊचा हा उतार मिठाच्या खात्यावर जमा होतो. निवड झाल्यावर ‘आधीचं’ माप वेगळ्या दिवशी नव्याने घेतलं तर हा फुगवटा बराच कमी होतो. पण ऋतू बदलला, दवाखान्याची भीती मोडली, याने होणारा उतार तरीही उरतोच.

त्यावर उपाय एकच: मीठ न बदलणारा दुसरा गट, चिठ्ठ्या टाकून निवडलेला. फक्त शेवटची मापं ताडली तर प्रत्येक गटात सुमारे १४२ माणसं लागतात. पण विश्लेषणात प्रत्येकाचं आधीचं माप हिशेबात धरलं, तर ही संख्या एक उणे सहसंबंधाचा वर्ग इतक्या पटीने घटते. ०.७ ला ती पट ०.५१, म्हणजे गटामागे ७३ माणसं. दोन्ही गट मिळून १४६ होतात, ४५ च्या तिपटीहून जास्त. पण त्यांतून निघालेला उतार मिठाचाच आहे असं त्या विद्यार्थिनीला म्हणता येईल.