पात्राच्या तोंडी लेखकाचं भाषण

दिवाळी अंकासाठी आलेली एक कथा आहे असं समजू. नमुन्यासाठी ती इथे रचली आहे, पण अशा कथा संपादकांच्या टेबलावर नेहमी येतात. सुमन नावाची बाई माहेरी आली आहे. वडिलांच्या शेतातला आपला वाटा भावाच्या नावे सोडून देण्यासाठी उद्या तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करायची आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर ती भावाला म्हणते:

“दादा, जमीन म्हणजे नुसती माती नसते रे. बाईला माहेर आणि सासर अशी दोन घरं असतात म्हणे, पण खरं तर तिचं एकही घर नसतं. पिढ्यान्‌पिढ्या या समाजानं मायेच्या नावाखाली बहिणीकडून त्याग करून घेतला. २००५च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, पण माणसांची मनं कुठे बदलली? साडीचोळी देऊन तुम्ही आमचा हक्क विकत घेता आणि त्याला प्रेम म्हणता. मी सही करीन. पण उद्या एका कागदावरच सही होणार नाही, एका नात्याचा शेवट होणार आहे.”

दादा मान खाली घालतो, वहिनी पदरानं डोळे पुसते आणि कथा संपते.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच लेखकाला ते काढायला सांगणं अवघड जातं. “पण हे खरंच आहे ना?” असं तो विचारतो. खरं आहेच, पण ते सुमन बोलते आहे का, हा संपादकाचा प्रश्न असतो. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. अवतरणचिन्हं काढायची आणि वाक्य वर्तमानपत्राच्या अग्रलेखात टाकून पाहायचं. तिथे ते काही न बदलता बसलं, तर ते पात्राचं नाही, लेखकाचं आहे. दोन घरांचं वाक्य बसतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं बसतं, कायद्याचं तर हमखास बसतं. कायद्याच्या वाक्यात आणखी एक खूण आहे. हक्कसोडपत्र करून घेणाऱ्या भावाला बहिणीचा हक्क माहीत असतोच, नाहीतर ते पत्र कशाला करावं लागलं असतं? ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली माहिती पात्र त्यालाच सांगू लागलं, की ते त्याच्याशी न बोलता वाचकाशी बोलत असतं.

दुसरी खूण श्रोत्यांकडे पाहिलं की सापडते. दादा काहीच बोलत नाही आणि वहिनी रडते, म्हणजे दोघांनाही सुमनचं म्हणणं जागच्या जागी पटलं. घरच्या वाटणीचा विषय निघाल्यावर असं कुठल्या घरात होतं? आपला मुद्दा कुणी खोडू नये म्हणून लेखकानं बाकीच्यांची तोंडं बंद केली आहेत.

या दोन खुणांनंतर उताऱ्यात सुमनचं म्हणावं असं थोडंच उरतं: साडीचोळीचं वाक्य, आणि “मी सही करीन”. दुरुस्ती इथूनच सुरू होते, पण संपादक लगेच लाल पेन उचलत नाही. तो लेखकाला विचारतो, या घडीला सुमनला दादाकडून काय हवंय? “तिला समाजव्यवस्थेचा निषेध करायचाय” हे उत्तर चालत नाही. निषेध लेखकाला करायचा असतो; पात्राला समोरच्या माणसाकडून काहीतरी मिळवायचं असतं. थोडा विचार करून लेखक म्हणतो, “तिला जमीन नकोच होती. दादानं एकदा विचारायला हवं होतं. त्यानं ते गृहीत धरलं.” कथेचा आशय या उत्तरात भाषणापेक्षा जास्त नेमका आला आहे. शिवाय गृहीत धरणं डोळ्यांना दिसू शकतं. त्याग किंवा समाज डोळ्यांना दिसत नाही.

दुसरा प्रश्न दादाबद्दल: त्याची बाजू काय? लेखकानं ती ठरवलेलीच नसते. मग ठरवावी लागते. वडिलांच्या आजारपणात सगळं त्यानंच केलं, विहिरीच्या कर्जाचे हप्ते तोच फेडतो आहे. हे खरं आहे आणि सुमनलाही ते माहीत आहे. आता तिला मोठं भाषण करणं अवघड झालं, कारण समोरच्याकडे उत्तर आहे. दादाला बाजू मिळाली की भाषणातली बरीच वाक्यं आपोआप गळतात.

तिसरा प्रश्न: हा आशय पेलेल असं कथेत आधीच काय आहे? नवं प्रतीक आणायचं नाही. भाषण काढून त्याजागी अंगणातलं वठलेलं झाड लावलं, तर झाडच भाषण करू लागतं. या कथेत दोन पानं आधी वहिनीनं सुमनसाठी घेतलेल्या साडीचा उल्लेख आहे, आणि टंकलिखित कागद तर आहेच. तेवढं पुरे.

लेखकानं नव्याने लिहिलेला प्रसंग असा होऊ शकतो:

दादानं कागद पुढे सरकवला. सहीच्या जागांवर पेन्सिलीनं फुल्या केलेल्या होत्या.
“आबांचं दुखणं निघालं त्यात, नाहीतर हे मागंच झालं असतं. फोटो आणलेस ना?”
“आणलेत.”
वहिनीनं कपाटातली पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. “रंग नाही आवडला तर बदलून देतो म्हणालाय.”
सुमननं साडीची घडी उलगडली. पावती आतच होती. मागच्या महिन्याची.
“दादा, तू मला विचारलंस कधी?”
“काय?”
“काही नाही. छान आहे रंग.”

वाद मिटला नाही, उलट आता तो खऱ्या अर्थानं सुरू झाला, कारण सुमन हरली की तिनं सोडून दिलं हे वाचकाला ठरवावं लागतं. पहिल्या खर्ड्यात वाचकाला काहीच काम नव्हतं. पेन्सिलीच्या फुल्या आणि पावतीची तारीख या दोन गोष्टी गृहीत धरण्याचं काम करतात. दादा दुष्टही ठरत नाही. आजारपणाचं त्याचं वाक्य खरंच आहे.

बहुतेक लेखक इथे एक वाक्य जोडतात: “म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं तर!” हे वाक्य संपादकानं निर्दयपणे काढावं. भाषण गेल्यावर त्याचा सारांश असा मागच्या दारानं परत येतो: कधी पात्राच्या मनातला विचार म्हणून, कधी निवेदकाची टिप्पणी म्हणून, तर कधी कथेचं शीर्षक म्हणून. या कथेचं नाव ‘हक्क’ ठेवलं, तर प्रसंग कितीही संयत असला तरी फलक आधीच लागलेला असतो.

उलटा धोकाही तितकाच खरा आहे. तारखेचा अर्थ लागायला सुमनला कधी कळवलं हे वाचकाला ठाऊक हवं. “परवा रात्री दादाचा फोन आला” असं पहिल्या पानावर नसेल, तर मागच्या महिन्याची पावती ही नुसती पावती राहते. म्हणून अशी दुरुस्ती एका पानावर पुरी होत नाही. शेवट हलका केला की सुरुवातीत काहीतरी रोवावं लागतं. ते जमलं का हे तपासायला कथा न वाचलेल्या माणसाला ती द्यावी आणि “अर्थ काय?” असं न विचारता “काय घडलं?” असं विचारावं. “बहिणीला साडी आवडली” असं उत्तर आलं, तर कापणं जास्त झालं आहे. “भावानं तिला न विचारताच सगळं उरकलं” असं आलं, तर पुढचं तो वाचक स्वतः बोलेल.

मग पात्रानं आशय कधी बोलूच नये का? बोलावा, पण बोलणाऱ्याच्या स्वभावातून तो निघायला हवा. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधला (१९७०) अप्पासाहेब बेलवलकर लांबलचक बोलतो, कारण तो आयुष्यभर रंगभूमीवर बोलत आलेला नट आहे. भाषण हीच त्याची सवय आहे आणि घरात ती कुणाला नकोय, हे त्याचं दुःख आहे.

गद्यात याचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना म्हणजे अंतोन चेखव्हची १८९८मधली गूजबेरीच्या झुडपांची गोष्ट. तिच्यात इवान इवानिच हा जनावरांचा डॉक्टर आपल्या भावाची हकिगत सांगतो. स्वतःची वाडी आणि तिच्यात गूजबेरी हवी म्हणून भाऊ आयुष्यभर पैसा जोडतो, आणि शेवटी आंबट, कडक फळं मिटक्या मारत खातो. मग इवान इवानिच उघड उपदेश करतो: प्रत्येक सुखी माणसाच्या दाराशी कुणीतरी हातोडा घेऊन उभं राहून त्याला दुःखितांची आठवण करून द्यायला हवी. कथेचा आशय इतका स्पष्ट सांगूनही ती उपदेशकथा होत नाही, कारण चेखव्ह भाषणाला हात न लावता त्याच्या भोवतीचं जग बदलतो. हाच इवान इवानिच थोड्या वेळापूर्वी पावसात आनंदानं पोहत होता, इतका की सोबत्याला त्याला पुरे म्हणावं लागलं. म्हणजे सुखात रमणारा तो स्वतःही आहेच. ऐकणाऱ्या दोघांना हकिगत फारशी रुचत नाही. उबदार दिवाणखान्यात काही वेगळं ऐकावंसं त्यांना वाटतं. रात्री त्याच्या पाइपचा जळका वास येत राहतो आणि सोबत्याची झोप उडते. उपदेश खराही वाटतो आणि उपदेशक थोडा हास्यास्पदही. सुमनचं भाषण ठेवायचंच असेल, तर लेखकाला हा मार्ग मोकळा आहे: तिला अर्धवट ऐकणारा दादा, मधेच गॅस बंद करायला उठणारी वहिनी, आणि याच सुमननं चार वर्षांपूर्वी नणंदेकडून करून घेतलेली अशीच सही.

यापैकी कोणता मार्ग घ्यायचा हे लेखकानं ठरवायचं, संपादकानं नाही. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली गेली. संपादक गॉर्डन लिश यानं त्याच्या कथासंग्रहाचा निम्म्याहून जास्त मजकूर कापला. शीर्षककथेत एक डॉक्टर प्रेमाबद्दल बोलता बोलता अपघातात सापडलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट सांगतो. मूळ हस्तलिखितात ती ऐसपैस होती, छापील रूपात थोडीच उरली. जुलै १९८०मध्ये कार्व्हरनं लिशला पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची विनवणी केली, तरी १९८१मध्ये ते तसंच आलं आणि गाजलं. पण त्यातली एक कथा कार्व्हरनं १९८३च्या पुढच्या संग्रहात विस्तारानं परत छापली, आणि २००९मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, संपूर्ण मूळ संहिताच प्रसिद्ध झाली. आज दोन्ही आवृत्त्यांचे चाहते आहेत, पण पहिली कुणाची म्हणायची हा वाद मिटलेला नाही.

म्हणून जाणता संपादक भाषणाशेजारच्या समासात “काढा” असं लिहीत नाही. “हे सुमन कुणाला सांगतेय?” असं लिहितो. लेखकाला उत्तर सापडलं, तर भाषणातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते त्याचं त्यालाच कळतं.