चाळीस मिनिटं, सहा आसनं

शाळेतल्या योगाच्या तासाचं वेळापत्रक कागदावर मांडताना पहिली चूक होते ती आसनांच्या संख्येत. २१ जूनच्या योगदिनाचा सामायिक क्रम साधारण ४५ मिनिटांचा असतो आणि त्यात पंधराहून अधिक आसनं असतात. तोच क्रम उचलून सहावीच्या वर्गाला दिला, तर मुलं एका आसनातून दुसऱ्यात नुसती धावतात. शिक्षकांनी आसन दाखवायचं, ते कशासाठी हे सांगायचं, मुलांनी करायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा करायचं आणि क्षणभर थांबायचं, एवढ्याला तीन-चार मिनिटं लागतातच. म्हणून ४० मिनिटांच्या तासात सहा आसनं पुष्कळ झाली.

समजा, जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेतली सहावी आहे. पटावर ३६ मुलं-मुली, वय ११-१२, जागा म्हणजे लांब व्हरांडा आणि त्यावर सतरंजीच्या पट्ट्या. हा तास सकाळी पहिला ठेवावा, नाहीतर मधल्या सुट्टीच्या आधीचा. पोषण आहाराची खिचडी खाऊन उठलेल्या मुलांना पालथं झोपवलं की मळमळ ठरलेली. जेवण आणि आसनं यांत किमान दोन तास हवेत. पहिली चार मिनिटं चपला काढण्यात, हात पसरून शेजाऱ्याला लागत नाहीत ना हे पाहण्यात आणि कोणाचं काही दुखतंय का हे विचारण्यात जातात. ही मिनिटं योजनेत धरली नाहीत, तर ती शवासनातून कापली जातात.

पुढची आठ मिनिटं अंग मोकळं करण्याची. जागच्या जागी धावणं, खांदे फिरवणं, मनगटं आणि घोटे फिरवणं, मान उजवीकडे-डावीकडे हळू वळवणं, शेवटी चार-पाच बेडूकउड्या. गार स्नायू ताणायला कुरकुरतो, तोच गरम झाला की सहज लांबतो. शिवाय बाकावर बसून साठलेली चुळबुळ इथेच निघून जाते. मग मुलांना मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी शोधायला सांगावी. शिक्षक ‘सुरू’ म्हणतील तेव्हापासून १५ सेकंद ठोके मोजायचे, चारनं गुणायचं आणि आकडा लक्षात ठेवायचा. तो तासाच्या शेवटी लागणार आहे.

पुढचा क्रम उभं राहणं, बसणं, पालथं झोपणं, उताणं झोपणं असा असावा. त्यामुळे सारा वर्ग तीनदाच जागा बदलतो आणि गोंधळ आटोक्यात राहतो.

पण खरा कस लागतो प्रत्येक आसनाचा हेतू सांगताना. ‘या आसनानं स्वादुपिंड सुधारतं’ असं वाक्य अकरा वर्षांच्या मुलाच्या काही कामाचं नसतं, कारण ते त्याला तपासता येत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं तेव्हा आसन चालू असताना शरीरात नेमकं काय घडतं हे क्ष-किरण आणि मोजमापाची उपकरणं लावून पाहिलं. शाळेच्या व्हरांड्यात उपकरणं नसतात, पण प्रत्येकाचं स्वतःचं शरीर असतं. म्हणून नियम सोपा ठेवावा. आसनाचा हेतू एका वाक्यात सांगायचा आणि ते वाक्य खरं आहे की नाही हे मुलाला तिथल्या तिथे पाहता आलं पाहिजे.

उभ्या आसनांना नऊ मिनिटं. पहिलं ताडासन. बोटं गुंफून हात वर, मग टाचा उचलायच्या. ‘पोटऱ्या आणि बरगड्यांच्या बाजू एकाच वेळी कामाला लागतात,’ असं सांगून मुलांना ताण कुठे लागतो तिथे बोट ठेवायला लावावं. उंची वाढेल असं मात्र सांगू नये. हाडांची वाढ हाडांच्या टोकांशी होते, ती ताणून वाढत नाही. पोक काढून उभं राहिलं तर मूल आहे तेवढं उंच दिसतं, आणि हे सांगणं पुरेसं आहे.

दुसरं वृक्षासन. सहा आसनांत मुलांना सगळ्यांत जास्त काही शिकवणारं हेच. एक पाऊल दुसऱ्या पायाच्या मांडीला किंवा पोटरीला आतून टेकवायचं, गुडघ्याला नाही. गुडघा पुढे-मागे वाकण्यासाठी बनलेला सांधा आहे, त्याला बाजूनं दाब सोसत नाही. नजर समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर. बहुतेक मुलं थोड्या सरावानं स्थिर होतात. आता डोळे मिटायला सांगा. काही सेकंदांत अर्धा व्हरांडा डुलू लागतो. मग सांगायचं, की तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर सांभाळला जातो: डोळे, कानाच्या आतला तोल ओळखणारा भाग, आणि तळपाय व घोट्याचे सांधे. आपण त्यातली एक बातमी बंद केली. उरलेल्या दोघांवर काम पडलं, म्हणून घोटा इकडे-तिकडे हलतोय. तो हलणं ही चूक नाही, तोच घोट्याच्या स्नायूंचा व्यायाम आहे. हे कळल्यावर पाय टेकला म्हणून मूल ओशाळत नाही, पुन्हा उचलतं. डोळे मिटताना मुलं भिंतीजवळ किंवा जोडीदाराच्या हाताच्या अंतरावर असावीत, एवढी काळजी घ्यायची.

बैठ्या आसनांना सात मिनिटं. इथे पश्चिमोत्तानासन एकाच पायानं करावं. एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात दुमडलेला, आणि कमरेपासून पुढे झुकायचं. दोन्ही पाय सरळ ठेवले की आखडलेल्या मांड्यांचं मूल पाठीत गोल होतं, मान खाली खेचतं आणि कसंबसं अंगठे पकडतं. ताण मांडीत जायचा तो कमरेवर येतो. ओळखायची खूण अशी: कमरेचा मागचा भाग घसरून मागे गेला असेल, तर सतरंजीची घडी बुडाखाली द्यावी. हेतूचं वाक्य आहे, ‘मांडीच्या मागचा स्नायू लांब होतो.’ मुलांनी झुकलेल्या स्थितीत सरळ पायाचा गुडघा किंचित वाकवून पाहावा. ताण लगेच सुटतो. पुन्हा सरळ केला की परत येतो. वाक्य खरं ठरलं.

या आसनात स्पर्धा लागते आणि ती अन्यायाची असते. वयात येण्याच्या सुमारास पाय आधी लांब होतात, धड मागाहून वाढतं. गेल्या वर्षी सहज अंगठे धरणारी मुलगी यंदा धरू शकत नाही, यात तिचा आळस काही नाही. ‘कोण पोचलं?’ हा प्रश्न या तासातून काढूनच टाकावा. ‘ताण कुठे लागला?’ हा विचारावा. उत्तर ‘मांडीत’ आलं तर ठीक. ‘गुडघ्याच्या मागे टोचतंय’ आलं तर मागे यायचं.

मग वक्रासन, म्हणजे एक गुडघा उभा ठेवून पाठ वळवणं. इथला प्रयोग मुलांना फार आवडतो. आधी पोक काढून बसून मागे वळायचं आणि कुठवर दिसतं ते पाहायचं. मग पाठ उंच करून तेच करायचं. दुसऱ्या वेळी नजर जास्त मागे पोचते. पाठीचा कणा मुख्यतः छातीच्या भागात वळतो आणि पोक काढल्यावर तो भाग अडतो. हात लावून जोरानं पिळायला मात्र कोणालाच देऊ नये.

पालथ्या स्थितीला पाच मिनिटं, एक भुजंगासन आणि विसाव्याला मकरासन. दिवसभर बाक, वही आणि दप्तर यांमुळे मुलं पुढे वाकलेली असतात, त्याच्या उलटं हे वळण. शिक्षकांना इथे एक दोष हमखास दिसेल: मुलं हातांनी ढकलून खूप वर येतात, खांदे कानांशी जातात आणि मान मागे फेकली जाते. उपाय साधा आहे. वर आल्यावर तळवे जमिनीवरून बोटभर उचलायला सांगा. जे मूल हातांवर उभं होतं ते खाली येतं. जितकं उरलं, तितकंच त्याच्या पाठीच्या स्नायूंचं काम. तिथेच थांबायचं, तीन वेळा, दर वेळी पाच अंक.

हे अंक शिक्षकांनी मोजू नयेत, मुलांनी मोठ्यानं म्हणावेत. शिक्षक मोजतात तेव्हा मुलं श्वास कोंडून वाट पाहतात, चेहरा लाल होतो, जबडा आवळला जातो. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. दहापर्यंत अंक म्हणता येत नसतील, तर ते आसन त्या मुलाला त्या दिवशी जड आहे, असं धरावं.

उरलेली मिनिटं शवासनाची, पाच पूर्ण. पहिल्या मिनिटाला कोणीतरी खिदळणारच, त्याला रागावू नये, ते आपोआप ओसरतं. हात पोटावर ठेवून श्वास तीन अंकांत घ्यायचा, पाच अंकांत सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. शेवटी पुन्हा नाडी. बहुतेकांचा आकडा मघापेक्षा खाली आलेला असतो, आणि शवासन म्हणजे वेळ काढणं नव्हे हे मुलांना स्वतःच्या मनगटावर कळतं.

या तासात मुद्दाम काही ठेवलेलं नाही. शीर्षासन नाही, कारण ३६ मुलांमागे एक शिक्षक असताना वाढत्या मानेवर अंगाचा भार टाकणं योग्य नाही. कपालभाती नाही, कारण जोरात आणि भरभर श्वास सोडत राहिल्यानं काही मुलांना चक्कर येते आणि गर्दीत ते लक्षात येत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना मानेवर दाब देणारं किंवा ती जोरानं वाकवणारं काहीच देऊ नये, कारण त्यांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात नको, सतरंजीशेजारी हवा.

शेवटच्या दोन मिनिटांत सतरंज्या गुंडाळायच्या. तेवढ्यात शिक्षकांनी वहीत दोन ओळी लिहाव्यात: कोणी काय सोडलं आणि कुठे दुखलं. पुढच्या तासाला सहापैकी एकच आसन बदलावं. खेळणाऱ्या मुलांपैकी एखादा ‘गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं’ म्हणतो आणि गुडघ्यांवर बसायला टाळतो. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू जिथे नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, ती जागा धावण्या-उड्यांनी हुळहुळी होते. त्याला वज्रासनाऐवजी मांडी घालून बसू द्यावं, बेडूकउड्या थांबवाव्यात, आणि सूज दिसली किंवा तो लंगडू लागला तर पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावं.