नाते संपल्यानंतरचे निरोप : नोंद कशी ठेवावी?

सांगलीकडच्या एका घरातली मुलगी पुण्यात संगणक कंपनीत नोकरी करते, असे समजू. त्याच संघात काम करणाऱ्या एका मुलाशी तिचे दोन वर्षे स्नेहाचे नाते होते. दोन्ही घरांना अंधुक कल्पना होती, बोलणी मात्र झालेली नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने हे नाते संपवले. त्यानंतर जे सुरू झाले, त्यातली एकेक गोष्ट पाहिली तर किरकोळ वाटते. रात्री साडेअकराला ‘जागी आहेस का?’ असा निरोप. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात नेमके समोरचे टेबल. आठवड्याने तिच्या खात्यात यूपीआयने आलेला एक रुपया आणि त्यासोबतच्या टिपणीच्या रकान्यात ‘एकदा बोल’. मग तिच्या मैत्रिणीला फोन, आणि शेवटी गावाकडे तिच्या काकांना, ‘तिला समजावा’ म्हणून.

घरी हे कळल्यावर बहुतेक ठिकाणी एकच होते. वडील त्या मुलाला फोन करून खडसावतात. आई मुलीच्या मोबाइलमधले सारे निरोप पुसून टाकायला सांगते, कारण ते उद्या कुणाच्या नजरेस पडले तर स्थळाच्या वेळी अडचण होईल. नवे सिमकार्ड घेतले जाते. हे सारे मायेपोटीच घडते. पण दोन महिन्यांनी तोच मुलगा इमारतीच्या दाराशी उभा राहिला, तर मुलीच्या हाती काहीच उरलेले नसते. आणि त्याच्या मोबाइलमध्ये मात्र वडिलांच्या रागाच्या फोनचे ध्वनिमुद्रण असू शकते.

या प्रकारच्या त्रासाचा स्वभावच असा आहे, की तो एका घटनेत दिसत नाही, ओळीने ठेवलेल्या घटनांत दिसतो. कायद्यानेही तो तसाच ओळखला आहे. भारतीय न्याय संहितेचे ७८ वे कलम (ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्यापूर्वी २०१३ पासून हीच तरतूद भारतीय दंड संहितेत ३५४-ड म्हणून होती) पाठलागाविषयी आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शवल्यानंतरही जो पुरुष वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी वारंवार तिच्या मागे जातो, तिच्याशी संपर्क करतो किंवा तसा प्रयत्न करतो, तो या कलमाखाली येतो. तिच्या इंटरनेट, ई-मेल वा तत्सम वापरावर पाळत ठेवणेही त्यातच मोडते. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. या व्याख्येत दोन गोष्टींवर सारा भार आहे : ‘स्पष्टपणे’ आणि ‘वारंवार’. पहिली मुलीला स्वतः निर्माण करावी लागते, दुसरी तिला नोंदीतून दाखवावी लागते.

स्पष्ट नकार एकदाच आणि लेखी द्यावा. आपल्या उदाहरणातल्या मुलीने पहिल्यांदा लिहिले होते, ‘सॉरी, सध्या मला थोडा वेळ हवा आहे.’ यातला ‘सध्या’ आणि ‘थोडा’ हे शब्द समोरचा आशा म्हणून वाचतो, आणि चौकशीच्या वेळी ‘तिनेच वेळ मागितला होता’ असे सांगतो. दुसऱ्यांदा तिने असे लिहिले : ‘आपले नाते संपले आहे. कामाव्यतिरिक्त मला यापुढे निरोप, फोन किंवा भेट नको. माझ्या घरच्यांशी व मैत्रिणींशीही माझ्याविषयी संपर्क करू नकोस. कामाचे जे असेल ते संघाच्या सामाईक गटावर किंवा कार्यालयाच्या ई-मेलवर लिही.’ यात कारण नाही, आरोप नाही, क्षमायाचनाही नाही. कारण दिले की त्यावर वाद सुरू होतो, आणि वाद हाही संपर्कच असतो.

शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. सहकाऱ्याशी किंवा वर्गमित्राशी संबंध पूर्णपणे तोडता येत नाही. प्रकल्प एकच असतो, प्रयोगशाळेतला गट एकच असतो. कामाची वाट कोणती हे आधीच ठरवून दिले, की त्या वाटेबाहेरून आलेला प्रत्येक निरोप आपोआप वेगळा पडतो. ‘मी तर फाइलबद्दल विचारत होतो’ हे उत्तर मग टिकत नाही, कारण फाइलबद्दल विचारायची जागा रात्री साडेअकराचे व्हॉट्सॲप नव्हते.

यानंतर त्याच्या वैयक्तिक निरोपाला उत्तर द्यायचे नाही. वीस निरोपांनंतर एकविसाव्याला ‘कृपा करून थांब’ असे लिहिले, तर वीस वेळा प्रयत्न केल्यावर उत्तर मिळते एवढेच तो शिकतो.

आता नोंदीविषयी. एक साधी वही किंवा संगणकावरचा तक्ता पुरेसा आहे. प्रत्येक घटनेपुढे तारीख व वेळ, माध्यम किंवा ठिकाण, नेमके काय घडले वा कोणते शब्द उच्चारले गेले, कोण हजर होते, आपण काय केले, आणि त्याचा पुरावा कुठे ठेवला आहे, एवढे लिहावे. नोंद त्याच दिवशी करावी. ‘आज पुन्हा खूप त्रास दिला’ हे वाक्य चौकशीत निरुपयोगी ठरते. ‘सायंकाळी ६.४०, वाहनतळ. माझ्या दुचाकीजवळ उभा होता. म्हणाला, दोन मिनिटे बोल, नाहीतर तुझ्या घरी येतो. सुरक्षारक्षक दहा पावलांवर होता. मी न बोलता परत आत गेले’ ही नोंद उपयोगाची आहे. तिच्यातून पुढची कृतीही सुचते : त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, असा ई-मेल दुसऱ्याच दिवशी कार्यालयाला पाठवणे. असे चित्रण बहुधा काही आठवड्यांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. उशिरा मागितले तर ते उरलेले नसते.

कामावर झालेला परिणामही लिहावा, हे अनेकींना सुचत नाही. बैठकीची वेळ टाळावी लागली, संघ बदलून मागावा लागला, त्याने कामाची माहिती अडवून धरली, असे जे असेल ते. कार्यालयातील तक्रार समिती कित्येकदा म्हणते की हा तुमचा खाजगी मामला आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मात्र नकोशा लैंगिक स्वरूपाच्या वर्तनासोबत कामात ढवळाढवळ करणे, भीतीचे वा शत्रुत्वाचे वातावरण निर्माण करणे, नोकरीबाबत धमकावणे यांचाही उल्लेख आहे. खाजगी नात्याची गोष्ट कामाच्या ठिकाणी कुठे शिरली, हे नोंदवहीतूनच दिसते.

नोंदीत एक अवघड भागही येतो. आपल्या मुलीने एप्रिलमध्ये एकदा, आजी आजारी असताना, त्याच्या निरोपाला चार ओळींचे हळवे उत्तर दिले होते. तिला ते पुसावेसे वाटले. पुसू नये. तीच चार वाक्ये त्याच्याही मोबाइलमध्ये आहेत आणि तो ती प्रथम दाखवणार आहे. आपल्याच नोंदीत तारखेसह ती आधीपासून असतील, आणि त्यापुढे ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून कळवले की संपर्क नको’ असेही असेल, तर बाकीच्या नोंदींचा विश्वास वाढतो. लपवलेली एक गोष्ट उघडी पडली, तर खऱ्या तीस गोष्टींवर संशय येतो.

मोबाइलच्या बाबतीत बारीक चुका होतात. निरोपाचे छायाचित्र कापून-छाटून ठेवू नये. तारीख, वेळ आणि आधीचे-नंतरचे निरोप त्यात दिसू द्यावेत. व्हॉट्सॲपमधील `Export chat` या सोयीने संपूर्ण संवाद तारीखवार बाहेर काढता येतो, पण आपण ज्या नावाने क्रमांक साठवला आहे तेच नाव त्यात उमटते. म्हणून क्रमांक दिसणारे एक छायाचित्र वेगळे घ्यावे. ई-मेल दुसऱ्याला पुढे पाठवून जपू नये, कारण मूळ पत्राचा तांत्रिक तपशील त्यात गळतो. मूळ पत्र खात्यातच राहू द्यावे. एक रुपयाच्या टिपणीचे छायाचित्र घ्यावे आणि व्यवहार ज्यात दिसतो ते बँकेचे विवरणपत्रही काढून ठेवावे. या सगळ्याची एक प्रत विश्वासू माणसाकडे असावी. कार्यालयाच्या संगणकावर मात्र ठेवू नये, कारण नोकरी सोडताच तो हातून जातो.

क्रमांक बंद करावा का, हा प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सॲपवर बंद केल्यानंतर त्याने पाठवलेले निरोप आपल्यापर्यंत कधीच पोहोचत नाहीत, पुढे बंदी उठवली तरीही. म्हणजे शांतता मिळते, पण त्या काळाची नोंद होत नाही. धमक्या सुरू असतील तर आवाज बंद करून संवाद संग्रहात ढकलणे आणि दिवसातून एकदा बहिणीने वा भावाने तो पाहणे, ही मधली वाट आहे. मुलीची झोप उडत असेल तर बंद करावे. पुराव्यासाठी तिने रोज विष वाचावे असे नाही.

समितीकडे जाण्याला मुदत आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. ‘शेवटची घटना’ कोणती हे नोंदवहीच सांगते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यायचे असतात. चौकशी नव्वद दिवसांत संपावी असा नियम आहे, आणि ती चालू असताना दोघांपैकी एकाची बदली किंवा मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत अशी समिती नसते. तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते. महाविद्यालयांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम लागू आहेत आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. धमकी किंवा पाठलाग असेल तर समितीची वाट न पाहता पोलिसांत जाता येते. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि स्त्रीची या प्रकारची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. तातडीच्या वेळी ११२.

आपल्याकडे समाजातील वडीलधाऱ्यांना मध्ये घालून मिटवण्याची रीत आहे. कायद्यातही समेटाला जागा आहे, पण तो फक्त मुलीने स्वतः मागितला तर, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर तो करता येत नाही. घरच्यांनी बैठक घ्यायचीच असेल, तर तिची तारीख, हजर माणसे आणि मुलाने दिलेला शब्द हेही वहीत जावे.

एक मर्यादा सांगायला हवी. ७८ वे कलम पुरुषाने स्त्रीच्या केलेल्या पाठलागापुरते आहे. नाते संपवल्यावर मुलालाच असा त्रास होत असेल, तर त्याला कंपनीच्या आचारनियमांचा आणि धमकी असल्यास गुन्हेगारी धाकदपटशाच्या ३५१ व्या कलमाचा आधार घ्यावा लागतो. नोंद ठेवण्याची पद्धत मात्र तीच.

शेवटी मोबाइलविषयी. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागते; मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले, तर लागत नाही. हा निकाल जुन्या पुरावा कायद्याखालचा. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात प्रमाणपत्र दोन भागांचे झाले असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ते काम वकील पाहतील. घरच्यांनी पाहायचे ते इतकेच, की ज्यावर हे निरोप आले तो मोबाइल दिवाळीच्या बदली-योजनेत दुकानदाराला देऊन टाकायचा नाही. तो बंद करून, चार्जरसह, कपाटात ठेवावा.