संभाव्य उत्पादन, उत्पादन तफावत आणि व्याजदराचा निर्णय

झाशीजवळ भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तयार होतात. अशा प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर त्याची क्षमता सांगणारी पाटी असते. त्याहून जास्त भार दिला तर तो काही काळ चालतो, पण तापत जातो. अर्थव्यवस्थेचेही बरेचसे असेच आहे. महागाईचा जोर न वाढवता देश जितके उत्पादन टिकवून धरू शकतो, त्याला संभाव्य उत्पादन म्हणतात. फरक इतकाच की अर्थव्यवस्थेवर पाटी नसते. क्षमतेचा आकडा अंदाजानेच काढावा लागतो.

प्रत्यक्ष उत्पादन या आकड्यापेक्षा किती टक्के वर किंवा खाली आहे, ती उत्पादन तफावत. तफावत ऋण असेल तर यंत्रे आणि माणसे रिकामी आहेत, म्हणून व्याजदर उतरवायला वाव आहे. धन असेल तर उलट. जॉन टेलर यांनी १९९३ साली मांडलेल्या नियमात तफावतीला अर्ध्याचे वजन आहे. म्हणजे तफावत मोजण्यात दोन टक्केबिंदूंची चूक झाली, तर दरात एका टक्केबिंदूची चूक होते. मध्यवर्ती बँका बहुधा पाव-पाव टक्क्याने पावले टाकतात, हे लक्षात घेतले की चुकीचा आकार कळतो.

आता भारतातलेच उदाहरण घेऊ. १५ जानेवारी २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ८ वरून ७.७५ टक्क्यांवर आणला. त्यानंतर पंधरा दिवसांतच, ३० जानेवारीला, सांख्यिकी खात्याने २०११-१२ या नव्या आधारवर्षाची जीडीपी मालिका जाहीर केली. जुन्या मालिकेत २०१२-१३ ची वाढ ४.५ टक्के आणि २०१३-१४ ची ४.७ टक्के होती. नव्या मालिकेत तेच आकडे ५.१ आणि ६.९ झाले. (मुख्य आकड्याची व्याख्याही घटक किमतीवरून बाजारभावावर गेली होती, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण आपला मुद्दा समजायला पुरेशी आहे.)

वही काढा. सोयीसाठी धरा की २०११-१२ मध्ये तफावत शून्य होती, उत्पादन १०० होते आणि क्षमता दरवर्षी ६.५ टक्क्यांनी वाढते. दोन वर्षांनी संभाव्य उत्पादन ११३.४ होईल. जुन्या आकड्यांनी प्रत्यक्ष उत्पादन १०९.४ येते, म्हणजे तफावत उणे ३.५ टक्के. नव्या आकड्यांनी ते ११२.४ येते आणि तफावत उरते फक्त उणे ०.९ टक्का. फरक २.६ टक्केबिंदूंचा. टेलरच्या नियमाने दरातला फरक १.३ टक्केबिंदू, म्हणजे पाव टक्क्याची पाच पावले. देशातला एकही कारखाना बदलला नव्हता. बदलली होती फक्त मोजणी.

इथे हुशार विद्यार्थी विचारतो, वाढ जास्त निघाली तर क्षमताही जास्त धरायला नको का? अगदी बरोबर. ६.५ हा आकडा मी गृहीत धरला होता. व्यवहारात तो बहुधा जुन्या आकड्यांतूनच, उदाहरणार्थ हॉड्रिक-प्रेस्कॉट फिल्टर लावून, काढतात. हा फिल्टर मालिकेतून एक गुळगुळीत रेघ काढतो आणि तिलाच संभाव्य उत्पादन समजतो. मधल्या वर्षांसाठी त्याला मागचे आणि पुढचे असे दोन्ही बाजूंचे आकडे मिळतात. शेवटच्या वर्षाला पुढची बाजूच नसते, त्यामुळे रेघ ताज्या आकड्याकडे ओढली जाते आणि तात्पुरती मंदीसुद्धा क्षमतेची घट वाटू लागते. दुर्दैवाने व्याजदर ठरवायला नेमके तेच शेवटचे वर्ष हवे असते.

चूक उलट दिशेनेही होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत उत्पादकतेची वाढ मंदावली होती, पण ते वेळेवर ओळखले गेले नाही. क्षमता जास्त धरली गेल्याने तफावत फार ऋण दिसत राहिली. अथॅनासिओस ऑर्फनिडीस यांनी त्या काळी प्रत्यक्ष हाताशी असलेले आकडे पुन्हा मांडून दाखवले, की त्या दशकातल्या महागाईमागे ही चूक एक मोठे कारण होती. पद्धत साधी आहे: आजचे दुरुस्त आकडे नव्हे, त्या दिवशीचे आकडे घ्यायचे आणि दोन्ही तफावती शेजारी ठेवायच्या.

मग २०१५ साली बँकेने काय केले? तिने एका आकड्यावर विसंबणे टाळले. ४ मार्चला रेपो दर ७.५ टक्के करताना तिने नोंदवले, की जीडीपीचे आकडे जोमदार अर्थव्यवस्था दाखवतात, पण उत्पादन, कर्जवाटप, आयात आणि कारखान्यांचा क्षमता-वापर यांच्याशी ते जुळत नाहीत. क्षमता-वापराची पाहणी बँक स्वतः करते. तिच्यात मालिकेच्या टोकाची अडचण नाही, पण ती केवळ कारखान्यांबद्दल सांगते. शेती आणि सेवा बाहेरच राहतात. महागाई उतरत होती, तीही ऋण तफावतीची खूण मानता आली असती. मात्र जून २०१४ मध्ये शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल जानेवारीत पन्नासच्या खाली आले होते. त्यामुळे महागाई रिकाम्या क्षमतेमुळे किती उतरली आणि तेलामुळे किती, हे आधी वेगळे काढावे लागते.