आजीचा पहिला व्हिडिओ कॉल

शाळेच्या गॅदरिंगपासून टीव्हीवरच्या प्रहसनांपर्यंत एक प्रवेश पुन्हा पुन्हा दिसतो: आजी आणि स्मार्टफोन. आजी फोन उलटा धरते, कपाळावरचा चष्मा घरभर शोधते, ‘हॅलो, हॅलो’ म्हणून ओरडते. प्रेक्षक हसतात. पण त्या आजीच्या जागी कुणालाही बसवलं तरी प्रवेश तसाच राहतो, कारण तिला काही येत नाही यापलीकडे लेखकाने तिच्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

परक्या मुलखात सापडलेल्या माणसाचा विनोद मुळात वेगळ्या गोष्टीवर उभा असतो. त्या माणसाला पुष्कळ काही येत असतं, फक्त ते दुसऱ्या जागेचं असतं. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एका नियमित माणसाचं उदाहरण आहे. कुणा खोडकराने त्याच्या खोलीतल्या वस्तू गुपचूप बदलून ठेवल्या आहेत. तो सवयीने दौतीत टाक बुडवतो आणि चिखल वर येतो. खुर्चीवर बसायला जातो आणि जमिनीवर आपटतो. त्याचं वागणं कालच्यासारखंच आहे, बदलल्या आहेत त्या वस्तू. बर्गसाँच्या मते हसू येतं ते या ताठरपणाचं: परिस्थिती बदलली तरी सवय आपल्याच चालीने पुढे जात राहते.

आजीच्या व्हिडिओ कॉलला हे तंतोतंत लागू पडतं. म्हणून तिची प्रत्येक चूक ही कुठल्यातरी जुन्या, पक्क्या कौशल्यातून आली पाहिजे. ते कसं जमवायचं, हे एक प्रवेश प्रत्यक्ष रचूनच पाहू.

स्थळ चिपळूण, जुनं कौलारू घर. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नातू अमेरिकेत न्यू जर्सीला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे इथे रविवारी संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तिथे सकाळचे दहा. शेजारची शाळकरी मुलगी मदतीला आली आहे. तिने फोन टेबलावर वाटीला टेकवून ठेवला, व्हॉट्सॲप उघडलं, नातवाच्या नावापुढचं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबलं आणि म्हणाली, “बघा आजी, आता दिसेल.”

दिसली ती आजी स्वतःच. पलीकडच्याने फोन उचलेपर्यंत व्हॉट्सॲप आपलाच चेहरा पडदाभर दाखवतं. रोज वापरणाऱ्याचं तिकडे लक्षही जात नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याला मात्र अचानक कुणीतरी आरसा समोर धरल्यासारखं होतं. आजी म्हणाली, “अगो, आधी सांगू नये का? वेणी तरी घातली असती.” आणि उठून आत गेली. तिच्या पदराच्या धक्क्याने फोन टेबलावर उताणा पडला. नातवाने फोन उचलला तेव्हा पलीकडे माणूस नव्हतंच.

“आजी? मला नुसती कौलं दिसतायत!”

आतून आवाज आला, “मग बघ रे नीट. त्या कोपऱ्यात गळतंय का?”

या वाक्यात विनोदाची जी जात आहे ती फोन उलटा धरण्यात नाही. कोकणात जून तोंडावर आला की कौलं बघणं हे घरच्या माणसाचं काम असतं. नातवाला कौलं दिसत असतील तर त्याने ती तपासावीत, यात तर्काची चूक कुठेही नाही. उलट, कॅमेऱ्याचा हा उपयोग त्या मुलीला सुचला नव्हता.

आजी वेणी घालून आली. नातवाचा आवाज ऐकताच तिने फोन उचलला आणि कानाला लावला. आयुष्यभर फोन कानालाच लावला आहे. नातवाच्या पडद्यावर आधी अंधार झाला, मग मोत्यांची कुडी दिसली.

“आजी, तुझा कान दिसतोय मला.”

“कानानेच ऐकतात ना रे?”

“अगं, आणि कुडीतला एक मोती गेलाय.”

“गेला? कधी?” आजीने कुडी चाचपली, आणि चाचपताना फोन गालावर घट्ट दाबला गेला.

इथे यंत्राची थोडी माहिती लेखकाला हवीच. स्मार्टफोनची काच दाब मोजत नाही. तिच्याखाली विद्युतभाराची बारीक जाळी असते आणि त्वचा टेकली की तिथला भार किंचित बदलतो. तो बदल बोटाने झाला की गालाने, हे काचेला नेहमीच ओळखता येत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये माइक बंद करण्याचं बटण पडद्याच्या खालच्या भागात असतं, म्हणजे नेमकं गाल टेकतो तिथे. आजीच्या गालाने माइक बंद झाला.

“आजी, तुझा आवाज येत नाहीये,” नातू म्हणाला.

आजीला हे संकट नवं नव्हतं. भारतात ऑपरेटरशिवाय दुसऱ्या शहरात थेट फोन लावण्याची सोय पहिल्यांदा १९६० साली झाली, तीही फक्त लखनौ आणि कानपूरमध्ये. बाकी बहुतेक देश पुढे कितीतरी वर्षं ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट बघत होता. लागलाच तर आवाज क्षीण, खरखर अखंड, आणि पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने. आवाज पोचत नाही म्हटलं की एकच उपाय होता: मोठ्याने बोलायचं. आजीने तो केला.

“जेवलास का?”

“येत नाही गं आवाज!”

“जे-व-ला-स का?”

“काहीच ऐकू येत नाही!”

तिसऱ्यांदा आजीने पोटातून आवाज काढला. रस्त्यापलीकडच्या घरातून उत्तर आलं, “अजून नाही हो काकू, आत्ता कुकर लावलाय!”

हा या प्रवेशाचा कळस मानायला हरकत नाही. त्यामागे खरी कारणं आहेत: माइक बंद असताना ओरडून उपयोग नाही, हे यंत्राचं वास्तव आणि लाइन खराब असली की ओरडावंच लागतं, हे आजीचं वास्तव. दोन्ही खरी आहेत. ती एकमेकांवर आदळतात आणि हसू फुटतं. आजीला ऐकू कमी येतं, असं दाखवून हाच प्रसंग स्वस्तात उरकता आला असता. तसं केलं की मग हसायचं ते म्हातारपणाला, आणि तिथे कलाही संपते.

गोंधळात कॉल तुटला. नातवाने उलट लावला, तोवर पडदा लॉक झाला होता. लॉक असलेल्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचं हिरवं बटण नुसतं दाबून चालत नाही, ते वर सरकवावं लागतं. आजीने दारावरची घंटा दाबावी तसं ते दाबून धरलं. काही झालं नाही. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी होते आणि कोरड्या बोटाची दखल काच कधीकधी घेतच नाही, म्हणून तिने आणखी जोर लावला.

“वर करा आजी, वर!” मुलगी म्हणाली. आजीने फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला.

चूक कुणाची? वाक्य अर्धवट होतं, आणि ते बोलणारी होती मुलगी. चांगल्या प्रवेशात अशा एका ठिकाणी तरी चुकीचं ओझं मदत करणाऱ्याकडे गेलं पाहिजे. डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेविषयी हेच बजावलं आहे: वापरताना लोक सतत अडखळत असतील तर आधी वस्तूकडे बघावं. ते हिरवं गोल चिन्ह बटणासारखं दिसतं, आणि बटण म्हटलं की माणूस दाबणारच. मुलीने फोन खाली घ्यायला लावला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “रांगोळीची रेघ ओढता ना, तसं बोट खालून वर न्या. अलगद.” आजीने रेघ ओढली. कॉल लागला.

या क्षणी प्रेक्षक हसतो तो सुटकेच्या आनंदाने. बर्गसाँ म्हणतो की हसायचं तर मनातली भावना थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते. या प्रवेशापुरतं ते पटत नाही. आजीबद्दल माया वाटत नसेल तर कॉल लागल्याचा आनंदही होणार नाही.

‘इंग्लिश विंग्लिश’ या २०१२ च्या चित्रपटात गौरी शिंदे यांनी याची दुसरी बाजू दाखवली. पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॅफेत कॉफी मागायला जाते. साहित्य सगळं विनोदाचंच आहे: परकी भाषा, पर्यायांचा भडिमार, मागे वाढणारी रांग. पण काउंटरवरच्या बाईला धीर नाही, आणि तो प्रसंग पोटात गोळा आणतो. आपल्या प्रवेशात ती शाळकरी मुलगी थांबते, नातू थांबतो. तेवढ्या एका धीरावर सगळं हसू तरलेलं आहे.

शेवटी आजीचं पाणी तिला परत मिळालं पाहिजे. कॉल लागला. नातू स्वयंपाकघरात उभा, पाठीमागे शेगडीवर पातेलं. तो आजीच्या तब्येतीची चौकशी करत होता. आजीची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली.

“दूध!”

“काय आजी?”

“अरे मेल्या, दूध!”

इतक्या लांबच्या कॉलमध्ये आवाज जायला थोडा वेळ लागतो. दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही. तो फार वाढला की दोघं एकाच वेळी बोलतात, मग एकाच वेळी गप्प होतात. इथेही तसंच झालं. नातू वळला तोवर साय काठावर आली होती. त्याने शेगडी बंद केली. आजी म्हणाली, “आता फोन तिथेच ठेव, पातेल्याकडे तोंड करून. तुझं तोंड मला ठाऊक आहे.” पुढची दहा मिनिटं चिपळूणमधून न्यू जर्सीची खीर झाली: साखर कधी घालायची, ढवळणं कधी थांबवायचं, वेलची किती. आता अडाणी होता तो नातू.

असा प्रवेश बसवणाऱ्यांना एकच विनंती. काळ्या पडद्याचा खोटा फोन नटीच्या हातात देऊ नका. खरा फोन द्या, विंगेत दुसऱ्या नटाला खरा कॉल लावायला सांगा, आणि तालमीआधी एखाद्या खऱ्या आजीशेजारी बसून तिचं बोट कुठे जातं आणि ती नेमकं काय म्हणते, ते शब्दशः लिहून घ्या. कौलं गळतात का हा प्रश्न टेबलाशी बसून सुचत नाही.